बाबांच्या बासरीची पट्टी चुकली

बाबांच्या पन्नाशीला मी आणि ताईने मिळून त्यांना बासरी दिली. ताईचा नुकताच सुरू झालेला पगार आणि माझे सहा महिन्यांचे साठवलेले पैसे, असं दोन हजार आठशेचं कॉन्ट्रिब्युशन होतं. बाबांनी त्याआधी दोन महिने रविवारचा बासरीचा क्लास लावला होता आणि क्लासमधलीच एक जुनी बासरी ते घरी आणून वाजवत होते. आम्हाला वाटलं, आता स्वतःची हवी. यूट्यूबवर ते तासन्‌तास हरिप्रसाद चौरसिया ऐकतात. पंडितजींच्या हातात असते तसली लांबलचक, दोरा गुंडाळलेली बासरी आम्ही शोधली आणि ऑर्डर केली. बाबा खूश झाले. फोटोबिटो झाले.

मग तीन आठवड्यांत घरातला आवाज हळूहळू कमी होत गेला. आधी रोज संध्याकाळी अर्धा तास, मग एक दिवसाआड, मग नाहीच. विचारलं तर म्हणाले, "अरे, बोटं वळत नाहीत आता. दमही पुरत नाही. या वयात नको ते खूळ." आईने मला बाजूला घेऊन सांगितलं की ते क्लासलाही दोन रविवार गेले नव्हते.

मी त्यांच्या सरांना फोन केला. सरांनी पहिला प्रश्न विचारला, "कोणती पट्टी घेतलीस?" मला प्रश्नच कळला नाही. मी म्हणालो, "मोठी घेतली सर, चांगली आहे." सर हसले. "आमचा क्लास पांढरी पाचचा आहे. तू बहुतेक पांढरी तीनची, बेस घेतलीस. बासरी चांगलीच असेल रे. पण बाबांची नाहीये ती."

या एका फोननंतर मी जे शिकलो ते इथे लिहितोय. कारण आई, बाबा, मावशी, ऑफिसातली सीनियर यांपैकी कोणीतरी सध्या बासरी शिकायला लागलेलं असतं, आणि आपल्या बजेटमध्ये बसणारं वाद्य म्हटलं की आपल्याला बासरीच सुचते.

सगळ्यात आधी एक गोष्ट. गिटारच्या तारा पिळून सूर बदलता येतो. पेटीवर कुठलीही पट्टी सा धरून वाजवता येतं. बासरीचं तसं नाही. बांबू कापला, भोकं पाडली, की तिचा सा कायमचा ठरला. मुरलेले वादक एकाच बासरीवर वेगळ्या जागी सा धरून वाजवतात, पण नवशिक्याला ते जमत नाही, आणि त्याने तसं करूही नये. म्हणजे दुकानात ज्या वीस बासऱ्या टांगलेल्या दिसतात ती वीस वेगळी वाद्यं आहेत असं समजा. क्लासमध्ये तानपुऱ्याचं अ‍ॅप एका सुरात लागलेलं असतं आणि दहाजण त्या सुरात अलंकार वाजवत असतात. त्यात तुमच्या बाबांची बासरी वेगळ्या पट्टीची असेल तर त्यांचा प्रत्येक सूर बेसूर लागणार. बासरी कितीही महाग असली तरी.

पट्टीची भाषा आपल्याकडे पेटीवरून आली आहे. पेटीच्या सप्तकात सात पांढऱ्या आणि पाच काळ्या पट्ट्या, त्यांना नंबर. पांढरी एक म्हणजे इंग्रजीतला ‘सी’, पांढरी तीन म्हणजे ‘ई’, पांढरी पाच म्हणजे ‘जी’, काळी एक म्हणजे ‘सी शार्प’. गुरुजी बहुधा पांढरी-काळी बोलतात, दुकानदार आणि ऑनलाइन साइट इंग्रजी अक्षरं. या दोन्हींमधलं भाषांतर तुम्हाला यायला हवं, इतकंच. (आम्ही शाळेत ‘पट्टी’ म्हणजे फूटपट्टी समजायचो. बासरी घेताना तीही लागते, ते पुढे सांगतो.)

अक्षर एक, बासऱ्या दोन

दुसऱ्यांदा मी शहाणा झालो होतो. पांढरी पाच, म्हणजे ‘जी’. साइटवर ‘जी’ लिहिलेली बासरी सापडली, किंमतही कमी. ऑर्डर करणार तोच लांबीकडे लक्ष गेलं, १९ इंच. क्लासमधली बासरी मी घरी मोजली होती, ती २४ इंचांच्या वर होती. विक्रेत्याला मेसेज केला की ‘जी’ म्हणजे नेमकं काय? उत्तर आलं, "सगळी भोकं बंद केली की जी वाजतो."

इथेच सगळी गडबड आहे. आपल्या हिंदुस्थानी बासरीला बोटांची सहा भोकं असतात. फुंकायच्या भोकाकडची पहिली तीन बंद केली की जो सूर येतो तो सा, आणि बासरीचं नाव त्या सा वरून ठेवतात. सहाच्या सहा बंद केली तर सा नाही, खालचा, मंद्र सप्तकातला पंचम येतो. पण परदेशी पद्धतीच्या काही बासऱ्यांना नाव देताना सगळी भोकं बंद केल्यावरचा सूर धरतात. त्या हिशेबाने ज्याला ‘जी’ म्हटलं होतं, तिचा पंचम ‘जी’, म्हणजे तिचा सा ‘सी’. आपल्या भाषेत ती पांढरी एकची बासरी होती. पुन्हा चुकीचीच घरात आली असती, आणि या वेळी डब्यावर अक्षर मात्र बरोबर असतं.

म्हणून नुसतं अक्षर विचारू नका. "तीन भोकं बंद केल्यावर कोणता सूर येतो?" असं विचारा. आणि लांबी विचारा, कारण लांबी फसवत नाही. मधल्या सप्तकातली पांढरी एक साधारण १८-१९ इंच, पांढरी पाच २४-२५ इंच आणि पांढरी तीनची बेस ३० इंचांच्या आसपास. कारागिरागणिक इंचभर फरक पडतो, पाच इंचांचा पडत नाही. लांबी जास्त तितका सूर खाली, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

भोकं मोजताना आणखी एक घोळ होतो. फुंकायचं एक आणि बोटांची सहा मिळून सात होतात. शिवाय बऱ्याच बासऱ्यांना टोकाकडे एक-दोन जादा भोकं असतात, ती बोटांनी झाकायची नसतात. पण बोटांसाठीच आठ भोकं, तीही एकमेकांना खेटून आणि बांबू जरा जाड, असं दिसलं तर ती कर्नाटक संगीताची बासरी आहे. वाद्य उत्तम, पण तिचा सा पहिली दोन भोकं बंद केल्यावर येतो, म्हणजे क्लासमध्ये शिकवलेली सगळी बोटं चुकतात. आणि जत्रेत काठीला लावून विकतात त्यातल्या टोक तोंडात धरून फुंकायच्या असतात. त्या शिट्टीसारख्या लगेच वाजतात, पण आडव्या बासरीला ओठांची जी ठेवण लागते ती त्यावर शिकताच येत नाही.

बोटं वळत नाहीत, कारण...

आता बाबांच्या ‘वया’कडे येतो. सरांनी सांगितल्यावर मी खरंच फूटपट्टी घेऊन बसलो. आम्ही दिलेल्या बेस बासरीवर शेजारच्या दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर साधारण साडेतीन सेंटीमीटर भरलं. क्लासच्या पांढरी पाचवर पावणेतीन. वाचताना हा पाऊण सेंटीमीटर काहीच वाटत नाही. पण एका हाताची तीन बोटं पसरायची, अनामिकेने तिसरं भोक पूर्ण झाकायचं, आणि तेही हात आडवा ठेवून. करून बघा. बेसची भोकंही मोठी असतात, त्यामुळे बोटाच्या टोकाने ती झाकली जात नाहीत. बोट सपाट ठेवून मधल्या पेराने झाकावी लागतात. बाबांचे हात लहान आहेत आणि पंचवीस वर्षं कीबोर्डवर वाकडे झालेले आहेत.

भोक केसभर उघडं राहिलं तरी बासरी लगेच सांगते. तीन भोकांपर्यंत सूर ठीक येतो. चौथं, पाचवं, सहावं झाकायला जावं तसा आवाज घोगरा होतो, नुसती हवा येते किंवा एकदम किंचाळून वरच्या सप्तकात उडी मारतो. शिकणाऱ्याला वाटतं फुंकर कमी पडतेय. तो आणखी जोरात फुंकतो. खालच्या सुरांना सावकाश, मऊ फुंकर लागते, त्यामुळे जोर केला की ते अजूनच बिघडतात. दहा मिनिटांत गरगरायला लागतं, कारण आपण नेहमीपेक्षा कितीतरी जास्त श्वास बाहेर टाकत असतो. बाबांचा ‘दम पुरत नाही’ तो हा. फुप्फुसं ठीक होती, अनामिकेखालचं भोक गळत होतं.

वीस वर्षांच्या मुलाला असं झालं तर तो म्हणतो, बासरी बंडल आहे. पन्नाशीचा माणूस म्हणतो, मीच बंडल आहे. म्हणून मोठ्या माणसाला चुकीचं वाद्य देणं मला जास्त जड वाटतं. त्यातून ते मुलांनी दिलेलं गिफ्ट. ते वाईट आहे असं बाबा आम्हाला कधीच सांगणार नव्हते.

मग एवढी लांब बासरी असतेच कशाला? तर खोल, गंभीर आवाजासाठी. बासरी पूर्वी लहान असायची आणि तिच्याकडे लोकसंगीताचं वाद्य म्हणून पाहिलं जायचं. रागाचा संथ आलाप तिच्यावर वाजावा म्हणून पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांनी बत्तीस इंचांच्या आसपासची मोठी बासरी घडवली आणि मैफलीत आणली. पंडित चौरसिया वाजवतात ती पांढरी तीनची बेसही त्याच घराण्यातली. म्हणजे आम्ही बाबांना मैफलीचं वाद्य दिलं होतं आणि बाबा अजून सारेगमवर होते.

पण यावरून ‘नवशिक्याला नेहमी लहान द्यावी’ असाही नियम करू नका. काही गुरुजी मोठ्या माणसांना थेट पांढरी तीनवरच बसवतात, विशेषतः हात लांब असेल तर. अशा क्लासमधल्या काकांना तुम्ही पांढरी पाच दिलीत तर चूक तीच, फक्त उलट्या बाजूने. आणि ‘सोपी’ म्हणून एकदम बारा-चौदा इंचांची घ्याल तर तिची भोकं इतकी जवळ येतात की जाड बोटं एकमेकांना ढकलतात. गुरुजी कोणत्या पट्टीवर शिकवतात, हाच प्रश्न पहिला.

सरांबरोबर मग एका रविवारी दुकानात गेलो. त्यांनी बासरी कशी निवडली ते बघण्यासारखं होतं. आधी डोळ्यांसमोर बंदुकीसारखी धरून सरळ आहे का पाहिली. मग उजेडाकडे फिरवून चीर शोधली, विशेषतः फुंकायच्या भोकाजवळ आणि दोन्ही टोकांना. दोऱ्याच्या गुंडाळ्या मुख्यतः बांबू उकलू नये म्हणून असतात, पण एखादी जुनी चीर त्याखाली झाकलेलीही असू शकते, म्हणून ते नखाने दोऱ्याच्या कडेला चाचपत होते. प्रत्येक भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. कड खरबरीत असेल तर बोट नीट बसत नाही.

मग मला म्हणाले, ट्यूनर काढ. मोबाइलवर फुकटातलं कुठलंही ट्यूनर अ‍ॅप चालतं, फक्त सेटिंगमध्ये A = 440 Hz असावं. सरांनी आधी दोन मिनिटं नुसतंच वाजवलं, कारण दुकानात एसी होता. बासरीतली हवा गार असली की सूर उतरलेला दाखवतो. दहा अंशांच्या फरकाने काटा जवळजवळ ३० सेंट सरकतो. (सेंट म्हणजे पेटीवरच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग.) बासरी तापल्यावर त्यांनी तीन भोकं झाकून लांब सा लावला. स्क्रीनवर G4 आलं. सहा झाकली, D4. तीच सहा झाकून फुंकर बारीक केली, तर वरचा पंचम, D5. पुन्हा तीन झाकून तार सा, G5. चारही ठिकाणी काटा मधल्या रेघेपासून दहा सेंटच्या आत राहिला तर बासरी बाजूला ठेवायची, नाहीतर परत. एका देखण्या बासरीचा खालचा सा बरोबर होता, पण वरचा तीस-पस्तीस सेंट उतरत होता. सर म्हणाले, "ही जन्मभर भांडत बसेल." फुंकायच्या भोकापलीकडचं आतलं बूच चुकीच्या जागी असलं किंवा बांबूची पोकळीच बरोबर नसली की असं होतं.

ग, ध, नि ट्यूनरवर का नाही बघितले, असं मी विचारलं. कारण ट्यूनर पेटीचे सूर दाखवतो. आपला शुद्ध गंधार त्याच्यापेक्षा चौदाएक सेंट खाली असतो. म्हणजे चांगल्या कारागिराचा ग ट्यूनरवर उतरलेला दिसेल आणि तुम्ही चांगली बासरी नाकाराल. सा आणि प या दोनच जागी अ‍ॅप आणि कान यांचं जवळपास एकमत होतं.

हे सगळं वाजवायला येणाऱ्या माणसाने करायचं. आपण स्वतः फुंकून ट्यूनर बघणं व्यर्थ आहे, कारण नवशिक्याची फुंकर आणि ओठांचा कोन बदलला तरी काटा वीस-तीस सेंट इकडेतिकडे हलतो. कोणी सोबत नसेल तर दुकानदाराला वाजवायला सांगा. तो सहा भोकं झाकून खालचा सूर सहज, भरीव काढत असेल आणि तुमच्याच्याने तो निघत नसेल तर दोष तुमच्या बोटांचा. त्यालाही झगडावं लागत असेल तर बासरी ठेवून द्या. आणि त्याला वाजवताच येत नसेल तर दुकान बदला.

एक तक्रार मात्र बासरीच्या माथी मारू नका. घरी आल्यावर बाबा म्हणाले, "मध्यम हलतोय, हीसुद्धा खराब दिसते." तो हलणारच. सगळी भोकं उघडी ठेवली की बासरीतून तीव्र मध्यम येतो. शुद्ध मध्यमासाठी पहिलं भोक अर्धंच झाकायचं असतं. ते ‘अर्धं’ किती, हे बोटाला कळायला सगळ्यांनाच महिने लागतात.

पांढरी पाचची ती बासरी चौदाशेला पडली, म्हणजे आमच्या पहिल्या चुकीच्या निम्म्या किमतीत. उरलेल्या बजेटमध्ये प्लंबरकडून दोन इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा आणि दोन टोपणं आणली, ती केस झाली. बासरीला सगळ्यात मोठा धोका पडण्याचा नसून सुकण्याचा असतो. उन्हात उभी केलेली कार, एसीचा झोत, डिसेंबरातली कोरडी हवा यांनी बांबू तडकतो. सर अधूनमधून आतून बदामाच्या तेलाचा हलका हात फिरवतात.

आता प्रश्न उरतो सरप्राइजचा. गुरुजींना गुपचूप फोन केला तर सरप्राइज टिकतं. पट्टी विचारा, हात मोठ्या बासरीला पुरेल का विचारा, आणि निवडून द्याल का तेही विचारा. बरेचजण आनंदाने देतात, काहींचे ठरलेले कारागीरही असतात. गुरुजींचा नंबर नसेल तर घरी आणलेली बासरी मोजा, तिच्यावर कोरलेलं अक्षर बघा, आणि बाबा वाजवत असताना दाराबाहेर ट्यूनर सुरू करून उभे राहा. क्लासमधल्यांपैकी कोणी यूट्यूबवरूनच शिकत असेल, गुरुजीच नसतील, तर तो ज्या व्हिडिओमागे वाजवतो त्यातला तानपुरा कोणत्या सुरात आहे ते बघा आणि त्या पट्टीची घ्या. यातलं काहीच जमत नसेल तर सरप्राइज सोडा. रिकाम्या पाइपात चिठ्ठी घाला, ‘रविवारी आपण दोघं बासरी घ्यायला जायचं’. माझ्या मते खरं तर हेच सगळ्यात भारी गिफ्ट आहे, पण ताईला ते पटत नाही. तिला कागद फाडायला लागणारं गिफ्टच गिफ्ट वाटतं.

बाबा पुन्हा क्लासला जातायत. सध्या भूपाची सरगम चालू आहे. त्यात मध्यमच नाही, त्यामुळे घरात शांतता आहे. बेस बासरी कपाटावर पाइपातच आहे. परवा रात्री पाणी प्यायला उठलो तर हॉलमध्ये दिवा न लावता बाबा ती घेऊन बसले होते. सहाही भोकं झाकून, हळू फुंकर घालत, खालचा पंचम शोधत होते. चार-पाच वेळा नुसती हवा आली. मग एकदा लागला.